मदत हवी आहे: सहलीच्या रिपोर्टमध्ये 'शेवटचं कधी दिसला' हे काय लिहू?

नमस्कार मंडळी, मी ग्वाल्हेरच्या एका शाळेत शिकवते. सहावीची सहल किल्ल्यावर नेली होती, एक मुलगा मोजणीत कमी आला, नंतर सुखरूप सापडला, आता मुख्याध्यापिका बाईंना लेखी रिपोर्ट द्यायचाय.

झालं असं की ११:२० ला मानमंदिराच्या दारात नाव घेऊन हजेरी झाली, ४२ पूर्ण. मग १२:०५ ला सास-बहू मंदिरापाशी सरांनी नुसती डोकी मोजली, तीही ४२! १२:३० ला बसमध्ये नावं घेतली तर एक गायब. मी मुलांसोबत बसमध्येच थांबले, सर मागे गेले, १२:३५ ला त्याच्या आईला फोन केला. १२:५० ला तो मानमंदिराच्या तिकीट खिडकीजवळ गार्डकाकांशेजारी बसलेला सापडला, बाटली छातीशी धरून, रडून डोळे लाल. म्हणाला तळघराच्या जिन्यात मागे राहिलो. मुलं सांगतात की सास-बहूपाशी आमच्यासारख्याच निळ्या स्वेटरचा दुसऱ्या शाळेचा मुलगा रांगेत होता, म्हणून आकडा जुळला असावा.

माझ्या मते 'शेवटचा खात्रीने दिसला' ११:२०च लिहावं, १२:०५ ची मोजणी फक्त 'आकडा ४२, नावं घेतली नाहीत' अशी. पण सर म्हणतात १२:०५ च लिहा, नाहीतर तासाभराचा गॅप दिसतो. तुम्ही काय लिहाल? आणि स्वेटरवाली गोष्ट 'मुलांच्या सांगण्यानुसार' म्हणून टाकू की वगळू? मुलाचं म्हणणं त्याच्याच शब्दांत घालावं ना? उद्या द्यायचाय, प्लीज सांगा.