शब्दचर्चा: भूकंपाची 'तीव्रता' म्हणजे नक्की काय?

घोडबंदरकर: डहाणूकडे धक्का बसला की बातमी येते, '3.2 रिश्टर स्केल तीव्रतेचा भूकंप'. यातली तीव्रता कशाची? जमीन हलल्याची की नुकसानीची?

पाचपाखाडी: हलल्याची. भूकंपमापकाची सुई जितकी हलते तितका आकडा. एकाने वाढला की दसपट.

जुना मास्तर: दसपट बरोबर, पण सुई म्हणजे आकडा नव्हे. यंत्र फक्त स्वतःखालची जमीन कशी हलली ते लिहितं. आत टांगलेलं वजन जागीच राहू बघतं, चौकट जमिनीबरोबर हलते, त्यातला फरक कागदावर उमटतो. एकच भूकंप जवळच्या यंत्रावर मोठा दिसतो, लांबच्यावर बारीक. म्हणून आधी अंतर काढायचं. पहिली लाट आणि मागून येणारी दुसरी, यांच्यातल्या दर सेकंदाला साधारण 8 किमी. ठाण्यातल्या यंत्रावर 12 सेकंदांचं अंतर पडलं, तर भूकंप 100 किमीच्या आसपास. रिश्टरने 1935 मध्ये कॅलिफोर्नियात, तिथल्या एका ठरावीक यंत्रापुरतं ठरवलं, की 100 किमीवरून आलेली रेघ 1 मिमी हलली तर 3 म्हणायचं, 10 मिमी हलली तर 4.

वाशीवाली: 2001 ला भूजच्या वेळी आमचा पंखा झुलत होता. मग वाशीला किती रिश्टर होता?

जुना मास्तर: वाशीचा वेगळा नसतोच हो. भूजचा 7.6, तो सगळीकडे 7.6. तुम्हाला काय जाणवलं ते सांगायला मर्केलीची मोजपट्टी आहे, एक ते बारा. तो आकडा गावागणिक बदलतो, खाडीच्या भरावावर एक आणि कातळावर दुसरा. खरं तर तीव्रता म्हणायचं ते त्याला.

पाचपाखाडी: पण किल्लारीला 6.2 होता. भूजपेक्षा 1.4 च कमी आणि केवढा हाहाकार!

जुना मास्तर: त्या 'च'वर जाऊ नका. दसपट ही रेघेची गोष्ट. ऊर्जा एका अंकाला सुमारे 32 पट वाढते, म्हणजे 1.4 ला सव्वाशे पट. तरी 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे जवळपास दहा हजार माणसं गेली, कारण भूकंप उथळ होता, लोक झोपेत होते आणि भिंती मातीत रचलेल्या जड दगडांच्या होत्या. आकड्यात यातलं काहीच येत नाही. आणि हे दोन्ही आकडे रिश्टरच्या पद्धतीचे नाहीतच. मोठ्या भूकंपात ती पद्धत थिटी पडते, आकडा एका मर्यादेपुढे वाढेनासा होतो. आता भेगेची लांबी-रुंदी आणि खडक किती सरकला, यावरून काढतात. 'रिश्टर' बातम्यांत सवयीने राहिलंय.

घोडबंदरकर: मग लिहायचं काय? महत्ता?

वाशीवाली: महत्ता म्हटलं की संतांची थोरवी आठवते. 'परिमाण' चालेल?

पाचपाखाडी: परिमाण तर लिटर-किलोलाही म्हणतात. मला 'तीव्रता'च बरी वाटते, लोकांना कळते तरी.

जुना मास्तर: कळते, आणि मग वाशीचा रिश्टर विचारला जातो! मी 'महत्ता'च लिहीन. निदान '3.2 रिश्टर स्केल तीव्रता' तरी सोडा.

वाशीवाली: माझा प्रश्न राहिलाच. त्या दिवशी वाशीला मर्केली किती होता?