[मंडळ-म्युनिक] आई-बाबांचा क्लेम नाकारला, विमानतळावरचं पत्र कुणी आणलंय का?

शिल्पा (सोमवार, रात्री 10:12)

नमस्कार मंडळी,

गेल्या महिन्यात आई-बाबा मुंबईहून आले तेव्हा वाटेत पुढचं विमान चुकलं, तो गोंधळ तुम्हाला माहीतच आहे (राहुल, स्टेशनवर थांबल्याबद्दल पुन्हा आभार). आज विमा कंपनीचं उत्तर आलं. "पहिल्या विमानाला 2 तास 45 मिनिटं उशीर, पॉलिसीत 6 तासांची अट, क्लेम अमान्य." अहो, पण ते घरी साडेसात तास उशिरा पोचले! दुपारी 12:10 ऐवजी संध्याकाळी 7:40 ला उतरले. क्लेमसोबत एअरलाइनचं पत्र जोडलं होतं, त्यात फक्त मुंबईहून विमान उशिरा सुटलं एवढंच आहे. दुसरं पत्र मिळतं का? कुणी मागितलंय?

माधुरी (सोमवार, रात्री 10:40)

शिल्पा, विमा तर व्हिसासाठी सक्तीचाच असतो, 30,000 युरोंचा. तो नसता तर व्हिसाच मिळाला नसता, तेव्हा कंपनीला पैसे द्यावेच लागतील. दूतावासाला मेल कर.

वसंत (मंगळवार, सकाळी 6:55)

माधुरी, तो विमा आजारपणाचा. विमान चुकल्याशी त्याचा संबंध नाही, आणि दूतावासाचा तर मुळीच नाही.

शिल्पा, विमा कंपनीचा नाद सोड. युरोपचा कायदा आहे, तीन तासांपेक्षा जास्त उशीर झाला की माणशी 600 युरोपर्यंत. दोघांचे 1200. मी स्वतः घेतले आहेत. मागे लिस्टवर सविस्तर लिहिलं होतं, पण इथे जुने मेल कोण वाचतो!

अजित (मंगळवार, दुपारी 1:20)

काका, तुम्ही घेतलेत ते म्युनिकहून निघताना. इथून निघालात की कुठल्याही कंपनीच्या विमानाला तो कायदा लागू होतो. भारतातून इकडे येताना मात्र विमान युरोपीय कंपनीचंच असावं लागतं. शिल्पाचे आई-बाबा आखाती कंपनीने आले, म्हणून त्यांना नाही. परतीच्या प्रवासात असं झालं तर नक्की मागा.

आता मूळ मुद्दा. मी पुण्यात सहा वर्षं क्लेम विभागात होतो, म्हणून जरा लांबण लावतो.

शिल्पा, तू क्लेम कुठल्या कलमाखाली टाकलास? मला वाटतं फॉर्मवर "ट्रिप डिले"वर खूण केली असशील. त्या कलमात एका विमानाचा उशीर मोजतात, तुम्ही घरी किती वाजता पोचलात ते नाही. मुंबईचं विमान पावणेतीन तास उशिरा सुटलं, म्हणून त्यांचा हिशेब त्या कलमापुरता बरोबर आहे. तुझं कलम आहे "मिस्ड कनेक्शन", आणि तिथलं घड्याळ वेगळं चालतं. बऱ्याच पॉलिसींत अट अशी असते की पहिलं विमान ट्रान्झिटला उतरल्यापासून 6 तासांत पुढची सोय झाली नाही, तर खर्च मिळतो. तुझ्या पॉलिसीतलं वाक्य इथे टाकशील का? आणि पहिलं विमान किती वाजता उतरलं?

शिल्पा (मंगळवार, संध्याकाळी 7:05)

अजित, हो रे, डिलेवरच खूण केली. मला काय माहीत दोन वेगळी असतात! वाक्य तू म्हणतोस तसंच आहे, 6 तासच. बाबांनी वहीत लिहून ठेवलंय: विमान 6 ला उतरायचं ते 8:45 ला उतरलं. पुढचं 7:50 चं होतं, ते गेलेलं. दुसरं मिळालं 3:20 ला.

अजित (मंगळवार, रात्री 9:30)

मग 8:45 ते 3:20, म्हणजे 6 तास 35 मिनिटं. जमतंय, पण फक्त पस्तीस मिनिटांनी. त्यांना दोन वाजताच्या विमानात बसवलं असतं तर उशीर होऊनही काही मिळालं नसतं. म्हणून बाबांची वही उपयोगाची असली तरी पुरावा एअरलाइनचाच लागेल.

पत्रात चार गोष्टी हव्यात: पहिलं विमान ठरलेल्या आणि प्रत्यक्ष किती वाजता उतरलं, उशिराचं कारण, त्यामुळेच पुढचं विमान चुकलं हे स्पष्ट शब्दांत, आणि नवीन विमानाचा नंबर व वेळ. तुझ्याकडच्या पत्रात सुटण्याची वेळ आहे, उतरण्याची नाही, आणि "चुकलं" हा शब्दच नाही. कारणही लिहून घे. ते नसलं की कंपनी पत्र परत पाठवते. काउंटरवर "ऑनलाइन मागा" म्हणतात, तेव्हा वेबसाइटवर पीएनआर टाकून अर्ज कर आणि "दोन्ही विमानांसाठी" असं मुद्दाम लिही.

जुने बोर्डिंग पास आहेत का?

शिल्पा (मंगळवार, रात्री 10:02)

तिथेच घोळ आहे. ट्रान्झिट डेस्कवरच्या मुलीने 7:50 च्या विमानाचे पास काढून घेतले आणि नवीन दिले. मुंबईचा बाबांचा तुकडा चष्म्याच्या घरात सापडला, आईचा नाही. तिने "कचरा" म्हणून टाकला.

राहुल (बुधवार, सकाळी 8:15)

हे सगळ्यांचंच होतं. डेस्कवर पास देण्याआधी मोबाइलवर फोटो काढायचा, असं मी माझ्या आईला बजावून सांगितलंय. मोबाइलमधला पास असेल तर स्क्रीनशॉट, कारण प्रवास झाला की तो ॲपमधून गायब होतो.

माझ्या भावाची केस वेगळी. पुण्याहून मुंबईला गाडीने निघाला, एक्सप्रेसवेवर चार तास अडकला, विमान गेलं. क्लेम नाही, कारण गाडी म्हणजे "कनेक्शन" नाही म्हणे.

वसंत (बुधवार, सकाळी 9:00)

एक्सप्रेसवेचं बरोबर नाही. माझ्या मेव्हण्याला मिळाले होते.

अजित (बुधवार, दुपारी 12:45)

काका, इंग्लंडमध्ये घेतलेली पॉलिसी असेल तर बस-रेल्वे बंद पडल्यावर काही जण देतात. भारतातल्या नेहमीच्या पॉलिसीत नाही. मेव्हणे कुठे राहतात?

शिल्पा, आईचा पास नसला तरी चालेल. पासपोर्टवर म्युनिकचा शिक्का असेल तर तो आणि एअरलाइनकडून प्रवास झाल्याचा दाखला जोड. खर्चाच्या पावत्या?

शिल्पा (बुधवार, रात्री 8:30)

एअरलाइनने जेवणाचं एकेक कूपन दिलं होतं. बाकी चहा, सँडविच आणि बाबांच्या शुगरसाठी फळं, सगळं रोखीने. पावत्या दोनच. आणि रेगेन्सबुर्गच्या गाडीचं आधी काढलेलं तिकीट वाया गेलं, 58 युरो, त्याची पीडीएफ आहे.

अजित (बुधवार, रात्री 9:50)

ज्याची पावती आहे तेवढंच मिळेल, आणि कूपनवर जे खाल्लं ते यातून वगळतील. गाडीचं तिकीट पॉलिसीत "पुढचा प्रवास" कसा लिहिलाय त्यावर आहे, मी खात्री देणार नाही. पण मागून बघ. नाकारल्याचं पत्र जपून ठेव. आधी त्यांच्याच तक्रार विभागाकडे योग्य कलमासह फेरविचार माग. महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येतं, पुण्यात कार्यालय आहे. नकारापासून वर्षाच्या आत जायला हवं.

सुनीता, सचिव (गुरुवार, सकाळी 7:30)

उपयुक्त चर्चा! पण हॉलच्या डिपॉझिटचा मेल चार दिवस अनुत्तरित आहे, आणि इथे तेरावा मेल. अजित, हे सगळं "पालक येताना" यादीत घालशील?

वसंत (गुरुवार, सकाळी 7:41)

ती यादी मी सांभाळतो. अजितने मला पाठवावं, मी घालीन. मेव्हणा लेस्टरला असतो.

शिल्पा (शुक्रवार, रात्री 11:20)

एअरलाइनचं उत्तर आलं: "10 कामकाजाचे दिवस." मी उतरण्याची वेळही मागितली आहे. बॅग मात्र वेळेवर आली, एवढं एक बरं झालं.