आधी टायफॉइड, मग फ्लू

«डॉक्टर, मुलगी सात महिन्यांची आहे. सरकारी दवाखान्यातल्या सगळ्या लसी वेळेवर झाल्या. विकतच्यांपैकी कोणत्या खरंच घ्याव्यात? खर्च बेताचाच जमेल.»

सर्वात आधी टायफॉइडची घ्या. सहा महिन्यांनंतर एकच डोस पुरतो, पण 'कॉन्जुगेट' प्रकारचीच मागा. जुनी पॉलिसॅकराइड लस दोन वर्षांखालच्या बाळांत नीट काम करत नाही.

पैसे उरले तर फ्लूची. पहिल्या वर्षी चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस, पुढे दरवर्षी एक. एकाच डोसवर थांबलात तर एवढ्या लहान बाळात संरक्षण अपुरं राहतं. दुसरा डोस पावसाळ्याच्या पंधरा दिवस आधी पडेल असं बघा.

कांजिण्या आणि हिपॅटायटिस-ए वर्षाच्या आत देत नाहीत, त्यामुळे तो खर्च आत्ता नाहीच. गालगुंड मात्र लक्षात ठेवा: गोवर-रुबेलाच्या सरकारी एमआर लसीत ते नसतं, त्यासाठी तिन्हींची एमएमआर विकत घ्यावी लागते.

रोटा आणि न्यूमोकोकलसाठी पुन्हा पैसे मोजू नका, कार्डावर दोन्हींच्या तारखा असतील. न्यूमोकोकलचा बूस्टर नवव्या महिन्यात, तोही मोफतच.