शब्दचर्चा : 'ड्रॉप-ऑफ'ला काय म्हणायचं, आणि तो मोजायचा कुठून?

पांदणरस्ता (दारव्हा, जि. यवतमाळ)

गावातल्या व्यायामशाळेत सैन्यभरतीची पोरं संध्याकाळी बीम मारतात. बीम म्हणजे दोन लोखंडी खांबांवर वेल्डिंग करून बसवलेला बोअरचा जुना पाइप. शहरातल्या एका ओळखीच्या प्रशिक्षकानं वेळापत्रक पाठवलंय. त्यात एक ओळ अशी आहे : 'पुल-अप, पहिल्या सेटला २ राखून. विश्रांती २ मिनिटं. ड्रॉप-ऑफ २५ टक्के, मग मूव्ह ऑन.' हे मला फळ्यावर मराठीत लिहायचंय. 'घट' लिहिलं तर सरकारी वाटतं, 'गळती' लिहिलं तर पोरं छताकडे बघतात. नेमका शब्द कोणता? आणि हा ड्रॉप एका सेटच्या आत धरायचा की सेटासेटांत?

जोरबैठक

सोपं आहे. वजन कमी करत जायचं, त्याला ड्रॉप म्हणतात. २० किलोनं सुरू करा, दमलात की १५ घ्या, मग १०. मराठीत 'उतरता सेट' म्हणा.

काळीमाती (अमरावती)

जोरबैठक भाऊ, तुम्ही म्हणता तो ड्रॉप-सेट. त्यात वजन उतरतं. ड्रॉप-ऑफमध्ये वजन तेच राहतं आणि रेप, म्हणजे एका सेटमध्ये निघणारे पुल-अप, उतरतात. बीमवर तर उतरवायला वजनच नाही, स्वतःचं अंग आहे तेवढं आहे.

वेळापत्रकातल्या ओळीचा अर्थ असा की सेट किती करायचे हे आधी ठरवायचं नाही. पहिल्या सेटमध्ये किती निघाले ते माप धरायचं. मग दर वेळी तेवढीच विश्रांती घेऊन पुन्हा लटकायचं, आणि आकडा मापाच्या पाऊणपटीवर आला की बीम सोडून पुढच्या व्यायामाकडे वळायचं. समजा एका पोरानं २ राखून, म्हणजे आणखी २ निघतील एवढा दम ठेवून, ८ काढले. ८ चे २५ टक्के म्हणजे २, म्हणून रेघ ६ वर. २-२ मिनिटं थांबून त्याचे ८, ८, ७, ६ असे आले. इथं बीम संपला. चार सेट, एकूण २९ रेप. त्याचेच दुसऱ्या दिवशी ८, ७, ६ असे आले तर तीनच सेट होतील, आणि ते बरोबरच आहे. आज अंगात किती आहे ते फळा कसा सांगणार?

पांदणरस्ता

म्हणजे ६ आले की थांबायचं, की ६ च्या खाली गेलं की थांबायचं? पोरांचं याच्यावरच भांडण होतं.

काळीमाती

दोन्ही अर्थ चालू आहेत. 'रेघ गाठली की थांबा' आणि 'रेघ ओलांडली की थांबा'. दुसऱ्या अर्थानं त्याच पोराला आणखी एक सेट मिळतो, त्यात बहुतेक ५ येतात. मी गाठली की थांबवतो, कारण पुढं त्यांना पळायचंही असतं. पण फळ्यावर नुसतं '२५ टक्के' लिहून सोडू नका. 'गाठली की' हे दोन शब्द लिहा, भांडण तिथंच मिटतं.

लाल लंगोट

मी तं म्हणतो, हे गणित कायले पाह्यजे? पोट्ट्यानं पह्यल्याच सेटले जीव जाईपर्यंत मारावं. आमच्या तालमीत तसंच होतं. राखून ठेवलं तं भरतीत काय कामाचं? बीमले १० काढले तं ४० गुण, ६ काढले तं १६. मग १० च्या मागं लागा नं भाऊ.

काळीमाती

गुणांचं अगदी बरोबर, आणि महिन्यातून एखाद्या दिवशी पूर्ण ताकद लावून किती निघतात ते बघावंच. पण रोज तसं केलं तर काय होतं ते आकड्यांत बघा. तोच पोरगा राखून न ठेवता पहिल्या सेटला १० काढतो. शेवटचा रेप पाय झाडत, मान ताणून. २ मिनिटांनी पुन्हा लटकला की ६ येतात. ड्रॉप ४० टक्के, रेघ एका उडीत पार. झाले किती? १६ रेप. राखून मारणाऱ्याचे २९ झाले, आणि त्यातले बहुतेक स्वच्छ. म्हणून वेळापत्रकात '२ राखून' हे शब्द ड्रॉप-ऑफच्या आधी लिहिलेत. पहिला सेट जीव तोडून मारला की माप फुगतं आणि पुढचं सगळं त्या फुगीर मापाशी तोललं जातं.

विश्रांतीचंही तसंच. एकाला २ मिनिटं आणि मोबाइल बघत बसलेल्याला ६ मिनिटं मिळाली, तर मोबाइलवाल्याचा ड्रॉप दिसतच नाही. तो सहा-सात सेट मारून म्हणतो, माझा दम मोठा. घड्याळ बघणारा एक जण पाइपाखाली उभा ठेवा. त्यालाच हनुवटी पाइपाच्या वर गेली का आणि खाली येताना कोपर सरळ झालं का तेही बघू द्या. अर्धे रेप मोजले तर आकडा ८, ८, ८ असाच राहतो आणि ड्रॉप त्या अर्ध्यांत दडून बसतो.

शब्दखोर

शब्दाकडं येऊ का? कापसाला पातेगळ म्हणतो, संत्र्याला फळगळ म्हणतो. झाडाला जेवढं पेलवतं तेवढं ठेवून बाकीचं ते सोडतं. त्याच चालीवर 'रेपगळ'. दारव्ह्याच्या पोराला समजावून सांगावं लागणार नाही. 'घट'पेक्षा किती तरी बरा.

पांदणरस्ता

रेपगळ आवडला. पण पातेगळ ऐकली की आमच्याकडं पोटात गोळा येतो, फवारणीचा खर्च आठवतो. इथं तर गळ येणं अपेक्षितच आहे.

शब्दखोर

म्हणून 'ठरली गळ' म्हणा. किंवा 'गळरेघ'.

सोंगणीवाली (वाशीम जिल्हा)

मी पोलीस भरतीची तयारी करते, माझ्या परीक्षेत बीम नाही, गोळाफेक आहे. पण खांद्यासाठी मॅडम पुल-अप करायला लावतात. माझे निघतात ४. सोयाबीन सोंगायच्या दिवसांत ३. मग २५ टक्के म्हणजे किती? पाऊण रेप? आणि दिवसभर विळा धरला की पाठ दमायच्या आधी मूठच सुटते. मग थांबायचं का?

काळीमाती

तुमचा प्रश्न सगळ्यांत चांगला. ४ रेपवर टक्केवारी निरुपयोगी आहे. एक कमी झाला की लगेच २५ टक्के, म्हणजे दुसऱ्या सेटलाच थांबायची पाळी. आकडा ६ च्या आत असेल तर टक्के विसरा. 'पहिल्यापेक्षा दोन कमी झाले की थांबा' असं धरा, किंवा पाइपाला जुनी सायकलची ट्यूब बांधून त्यात गुडघा टेकवा, म्हणजे ८-९ निघतील आणि रेघ आखायला जागा मिळेल. मी ट्यूब निवडेन. ट्यूब तीच ठेवायची आणि गाठही त्याच जागी, नाहीतर वजन बदलल्यासारखंच होतं.

सोंगणीचं वेगळं. नेहमी ४ काढणारीचे पहिल्याच सेटला ३ आले, तर ती गळ बीममुळे आलेली नाही, दिवसभराच्या कामामुळे आली आहे. पहिल्या आकड्याला माप धरून हिशेब पुढं चालवला तर कागदावर सगळं ठीक दिसेल. तसं करू नका. नेहमीच्या मापाशी तुलना करा. पहिलाच सेट पाऊणपट किंवा त्याहून कमी आला तर एक-दोन हलके सेट करून पुढं जा.

मुठीचं मात्र माझं पक्कं मत नाही. मनगटाखालचा भाग दगडासारखा झाला आणि बोटं उघडायला लागली, पण वर ओढायची ताकद शिल्लक वाटते, तर बीम थांबवून पाठीसाठी ट्यूब ओढण्यासारखा दुसरा व्यायाम घेता येतो. काही जण म्हणतात, भरतीत मूठ सुटली तरी रेप गेलाच, म्हणून तीही गळच मोजा. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे.

लाल लंगोट

पाइप घामानं ओला असला तरी मूठ सुटते बावा. ती काय गळ हाय? माती चोळा अन् मग मोजा.

काळीमाती

हे शंभर टक्के मान्य.

गृहपाठ

मूळ प्रश्नातला एक भाग राहिलाय : सेटच्या आत की सेटासेटांत?

काळीमाती

बरोबर. एका सलग सेटमध्ये रेपचा आकडा कमी होऊच शकत नाही, तो वाढतच जातो. आत जो कमी होतो तो वेग. पहिला रेप झटक्यात वर जातो, सातवा मध्येच रेंगाळतो. काही प्रयोगशाळांत दांड्याला यंत्र लावून हा वेग मोजतात. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात स्क्वॉटचा वेग २० टक्के घसरला की एका गटाला थांबवलं आणि दुसऱ्याला ४० टक्क्यांपर्यंत नेलं. ८ आठवड्यांनी दोघांची ताकद साधारण सारखीच वाढली, पहिल्या गटानं रेप बरेच कमी केले होते आणि त्याची उडीही जास्त सुधारली. दुसऱ्या गटाच्या मांडीचे स्नायू मात्र जास्त भरले. पण ते वेगाचे टक्के आहेत. आपल्या फळ्यावरचे टक्के रेपचे आहेत. दोन्ही आकडे एकमेकांच्या जागी घालू नयेत.

एक तिसरा प्रकार आहे, तिथं गळ खरंच सेटच्या आत मोजतात. एक मोठा सेट मारायचा, खाली उतरून पाच खोल श्वास घ्यायचे, लगेच ३ काढायचे, पुन्हा पाच श्वास, पुन्हा ३. असं ३, ३, ३ चालतं आणि मग २ आले की संपलं. हा सगळा तुकडे केलेला एकच लांब सेट मानतात. नॉर्वेच्या बोर्गे फागेर्ली या प्रशिक्षकानं मायो-रेप नावानं हे लोकांत आणलं. बीमपेक्षा ट्यूब ओढणं किंवा हलक्या वजनाच्या व्यायामांना ते बरं, कारण बीमवर प्रत्येक वेळी उडी मारून पाइप पकडण्यातच मूठ खर्च होते. तुमच्या वेळापत्रकात '२ मिनिटं' लिहिलंय, म्हणजे तिथं सेटासेटांतलीच गळ अभिप्रेत आहे.

जोरबैठक

मग 'मूव्ह ऑन' म्हणजे घरी जायचं नाही?

पांदणरस्ता

नाही हो, पोरांनीही तोच अर्थ काढला होता, पहिल्या दिवशी निम्मी पोरं पानठेल्यावर. मी 'पुढचा व्यायाम : दोरी' असं थेट नाव लिहिणार आहे.

फळ्यावर सध्या असं येतंय : 'बीम. पहिला सेट २ राखून, तोच माप. २ मिनिटं घड्याळावर. पाऊणपट गाठली की रेपगळ झाली, पुढं दोरी.' पोरं मात्र आत्ताच म्हणतायत, 'सर, ड्रॉप आला.' बघू काय टिकतं.

सोंगणीवाली

दोरीवर काय मोजणार? तिथं रेप नसतात, चढलेली उंची असते.

काळीमाती

दोरीवर मी अजून नीट मोजलेलं नाही. कुणी खडूनं खुणा करून पाहिलं असेल तर लिहा.