मदत हवी आहे: हॅमर कर्लला १२ किलो जातात, रिव्हर्सला ६ वरच हात थांबतो. कमजोर नक्की काय आहे?

अर्धवट_सेट

नमस्कार मंडळी. उभं राहून, डंबेलने, एका वेळी एकच हात, अशी कर्ल करतो. तळवा वर ठेवून १० किलोचे दहा रेप्स नीट जातात. हॅमरला, म्हणजे अंगठा वर, १२ किलोचे दहा. पण तळवा खाली केला की ६ किलोवरच सातव्या-आठव्या रेपला गाडी बंद.

दंड दमल्यासारखा वाटतच नाही. आधी मनगट झुकतं, मूठ जमिनीकडे लोंबायला लागते आणि मग कोपराच्या बाहेरच्या बाजूला, तिथे हाडाचा उंचवटा लागतो ना, त्याच्या आसपास ठणका सुरू होतो. दुसऱ्या दिवशी बाटलीचं झाकण उघडतानाही तो जाणवतो.

ट्रेनरच्या मते माझा ब्रॅकियालिस कमजोर आहे आणि उपाय म्हणजे रोज रिव्हर्स कर्ल. मला शंका अशी, की ब्रॅकियालिस कमजोर असता तर हॅमरही पडायला नको होता का? तिथे तर सगळ्यात जास्त वजन जातंय. कोणी नीट समजावेल का?

लोहपुत्र

ट्रेनर बरोबर बोलतोय. तळवा वर असताना बायसेप, अंगठा वर असताना ब्रॅकिओरेडिअॅलिस, तळवा खाली केला की ब्रॅकियालिस. रिव्हर्समध्ये बायसेप बंदच पडतो, सगळा भार ब्रॅकियालिसवर येतो. तिथे अडकतोयस म्हणजे तोच कच्चा. वजन कमी कर आणि रोज मार, दोन महिन्यांत फरक दिसेल.

मृण्मयी_क

पुल-अपबद्दल विचारताय ना? माझंही तसंच आहे. तळवे स्वतःकडे असले की पाच-सहा निघतात, उलटे धरले की दोनच. मला सांगितलं होतं की पाठ कमजोर आहे.

अर्धवट_सेट

@मृण्मयी_क, नाही हो, पुल-अप नाही, डंबेलचे कर्ल.

कोपरखळी

फिजिओथेरपी करतो, त्यामुळे जरा लांबण लागेल.

लोहपुत्र यांनी तीन पकडींना तीन स्नायू वाटून दिले, पण शरीर अशी वाटणी करत नाही. तिन्ही स्नायू तिन्ही पकडींत काम करतात, फक्त कोणाचा वाटा किती ते बदलतं. आणि सगळ्यात कमी बदलतो तो नेमका ब्रॅकियालिसचा.

कारण साधं आहे. ब्रॅकियालिस बायसेपच्या खाली, दंडाच्या हाडावरून निघतो आणि अल्नाला, म्हणजे करंगळीच्या बाजूच्या हाडाला जाऊन चिकटतो. तळवा वर-खाली करताना फिरतं ते अंगठ्याच्या बाजूचं रेडिअस, अल्ना जवळपास जागच्या जागी राहतं. त्यामुळे तुम्ही कुठली पकड धरली आहे हे ब्रॅकियालिसला कळतच नाही. कोपर वाकवायचं म्हटलं की तो हजर.

बायसेपचं तसं नाही. त्याची कंडरा रेडिअसला लागते, म्हणून तो कोपर वाकवतो आणि तळवा वरही फिरवतो. तळवा खाली नेला की रेडिअस फिरतं आणि ही कंडरा रिळावर दोरा गुंडाळावा तशी त्याच्याभोवती जाते. ओढ सांध्याच्या आणखी जवळून जायला लागते आणि तेवढ्याच जोरात कोपर कमी वाकतं. शिवाय बायसेप जोरात ओढला तर तळवा वर फिरू पाहणार, आणि ते तर आपल्याला नको असतं. म्हणून मेंदूही त्याला थोडा आवरून धरतो. थोडा, बंद नाही.

आकड्यांत बघा. तळहातातलं डंबेल कोपरापासून साधारण ३५ सेंमीवर असतं. कोपर काटकोनात असताना बायसेपची कंडरा सांध्यापासून जेमतेम ४-५ सेंमीवरून ओढते. म्हणजे १० किलोचं डंबेल एकट्या बायसेपने धरायचं म्हटलं तर त्याला ७०-९० किलो वजनाइतकी ओढ लावावी लागेल. इतक्या तोकड्या अंतरातला अर्धा-पाऊण सेंमी गेला तरी चांगलाच फटका बसतो.

आता ब्रॅकिओरेडिअॅलिस. तो दंडाच्या खालच्या भागात, बाहेरच्या कडेवरून निघून थेट मनगटापाशी रेडिअसला लागतो. काटकोनात त्याची ओढ सांध्यापासून बरीच लांबून जाते, त्यामुळे अंगठा वर असताना तो फार कामाचा. हॅमरला सगळ्यात जास्त वजन जातं ते यामुळे: बायसेपचं फारसं बिघडलेलं नसतं, ब्रॅकिओरेडिअॅलिस जोमात असतो आणि ब्रॅकियालिस नेहमीसारखा. तेव्हा धागाकर्त्यांची शंका योग्यच आहे. ब्रॅकियालिस खरंच लुळा असता तर १२ किलोचे दहा हॅमर निघाले नसते.

लोहपुत्र

मग रिव्हर्सला अर्ध्यावर का येतोय? तुमच्या हिशेबानेही बायसेप थोडाच कमी होतो ना. बारावरून सहा म्हणजे थोडं नाही.

कोपरखळी

बरोबर प्रश्न. रिव्हर्सला वजन उतरणारच, ते सगळ्यांचंच उतरतं. पण ते दंडामुळे उतरलं की आणखी कशामुळे, हे बघायला हवं. धागाकर्त्यांनी उत्तर स्वतःच लिहिलंय, "आधी मनगट झुकतं".

डंबेलची दांडी मनगटाच्या पुढे ७-८ सेंमीवर असते. तळवा खाली असताना ते वजन मनगट खाली पाडू बघतं, आणि त्याला सरळ धरून ठेवतात ते हाताच्या पाठीकडचे बारीक स्नायू. तळवा वर असताना हेच काम तळव्याकडच्या स्नायूंवर येतं, ते बरेच दणकट असतात. हॅमरमध्ये वजन करंगळीच्या दिशेने ओढतं. त्या बाजूला मनगट मुळातच फार हलत नाही आणि अंगठ्याच्या अंगाचे पुढचे-मागचे स्नायू भार वाटून घेतात. म्हणून हॅमरला मनगटाचं कोणाच्या लक्षातही येत नाही.

आणि ते पाठीकडचे स्नायू निघतात कुठून, तर बहुतेक कोपराच्या बाहेरच्या त्याच हाडाच्या उंचवट्यावरून! झाकण उघडताना दुखणं त्याच्याशी जुळतं. एक करून बघा: कोपर सरळ, तळवा खाली, मनगट वर उचलायचं आणि दुसऱ्या हाताने ते खाली दाबायचं. त्याच जागी कळ आली तर मनगट उचलणाऱ्या स्नायूंची कंडरा कुरकुरतेय. ब्रॅकिओरेडिअॅलिस त्या उंचवट्याच्या थोडा वरून सुरू होतो, त्याचं दुखणं बहुधा कोपराच्या पुढच्या-बाहेरच्या मांसल भागात जाणवतं.

दुसरी परीक्षा जिममध्ये. खालच्या केबलला पट्टा लावा, पायाला बांधतात तोच, आणि तो मनगटाच्या थोडा वर बांधा. मूठ सैल सोडा. आता एकाच वजनावर आधी तळवा वर ठेवून आणि मग तळवा खाली ठेवून कर्ल करा. मनगट हिशेबातून गेलं. तरीही तळवा खाली करताच वजन अर्ध्यावर आलं तर आपण दंडाबद्दल बोलू. पट्ट्याचे किलो डंबेलच्या किलोशी मात्र ताडू नका, अंतर वेगळं आहे. पट्ट्याची तुलना पट्ट्याशीच.

जुना_गडी

माझी गोष्ट जरा वेगळी, पण इथे उपयोगी पडेल. उजव्या हाताच्या बायसेपची कोपराकडची कंडरा तुटली होती. जड वस्तू उचलताना टचकन आवाज आला, कोपराच्या खोबणीत काळंनिळं झालं आणि बायसेपचा गोळा वर सरकला. मी अंगावर काढलं. डॉक्टरांकडे गेलो तेव्हा कंडरा मागे आखडली होती, मग शस्त्रक्रिया केलीच नाही.

आता कोपर वाकतं. पूर्वीइतका जोर नाही, पण पिशव्या उचलतो, हॅमर कर्लही करतो. खरी पंचाईत स्क्रू पिळताना. उजव्या हाताने स्क्रू आवळायला गेलो की दोन-तीन फेऱ्यांत हात दमतो आणि हात बदलावा लागतो. सैल करताना काहीच त्रास नाही. वाकवायला बाकीचे दोघे आहेत, तळवा वर फिरवायला बायसेपच्या तोडीचा दुसरा कोणी नाही, हे तेव्हा कळलं. असा टचकन आवाज कोणाला आला तर त्याच आठवड्यात दाखवा.

कोपरखळी

@जुना_गडी, नेमकं लिहिलंत. आणि हो, ही दुखापत घाईचीच, आठवडे गेले की कंडरा जागेवर आणणं अवघड होतं.

मृण्मयी_क

मग पुल-अपलाही मनगटच का?

कोपरखळी

नाही. तिथे वजन मुठीला लोंबतं, मनगट तसं वाकवत नाही. बायसेपच्या कमी फायद्याची गोष्ट तिथेही लागू आहे, पण खांदाही वेगळा चालतो. वेगळा धागा काढा, इथे सरमिसळ होईल.

अर्धवट_सेट

दोन्ही करून बघितलं.

मनगट दाबल्यावर कळ बरोबर त्या उंचवट्यावरच आली, दुसऱ्या हाताला काही नाही. केबलवर पट्टा बांधून तळवा वर ठेवला तर १५ किलोचे बारा निघाले. तळवा खाली, त्याच १५ चे नऊ, आणि थांबलो तेव्हा दंड खरोखर जळत होता. डंबेलने हे कधीच वाटलं नव्हतं. आणखी एक दिसलं. तळवा खाली असताना दंडाच्या बाहेरच्या अंगाला, बायसेपच्या कडेखाली बोट ठेवलं तर काहीतरी घट्ट होऊन वर येतं. तोच ब्रॅकियालिस का?

मग रिव्हर्स कर्ल सोडूनच देऊ?

कोपरखळी

हो, तिथे बोटाला लागतो तो बहुतेक तोच. आणि बारावरून नऊ हा फरक अगदी अपेक्षित आहे. दंड ठीक आहे.

सोडू नका, पण रोज तर अजिबात नको, दुखऱ्या कंडरेला रोज डिवचून ती बरी होत नाही. सध्या तळवा खाली ठेवून करायचं ते पट्ट्यानेच. जड काम हॅमरवर. मनगटासाठी वेगळं: हात मांडीवर टेकवून, तळवा खाली, २-३ किलोने मनगट वर उचला आणि खूप सावकाश खाली सोडा, आठवड्यातून तीनदा. करताना थोडं दुखलं तर चालेल, दुसऱ्या दिवशी वाढलेलं चालणार नाही. झाकण न दुखता उघडायला लागलं की ईझेड बार घ्या. त्याच्या वळणामुळे तळवा पूर्ण खाली जात नाही आणि मनगटाला बरं पडतं. मुठीची पेरं हाताच्या रेषेखाली गेली की सेट तिथेच संपला, रेप्स उरले असले तरी.

लोहपुत्र

मनगटाचं पटलं. पण ब्रॅकियालिस वाढवायला रिव्हर्सच भारी, हे मी सोडणार नाही. बायसेपचा वाटा घटला की त्याच वजनाला ब्रॅकियालिसला जास्त ओढावं लागणारच.

कोपरखळी

त्याच वजनाला, हो. पण रिव्हर्सला तुम्ही ते वजन घेऊच शकत नाही, हॅमरला दुप्पट घेता. कमी वजनातला मोठा वाटा जास्त की मोठ्या वजनातला छोटा, हे प्रत्येकाच्या मनगटावर ठरेल. मी हॅमरच्या बाजूने, तुम्ही रिव्हर्सच्या.

जुना_गडी

माझ्या उजव्या दंडात बायसेप वर गोळा होऊन बसलाय, खालचा ब्रॅकियालिस उघडाच दिसतो. हॅमरनेच एवढा झालाय. एक मत हॅमरला.

लोहपुत्र

तुमच्याकडे बायसेपच जोडलेला नाही, तुमचं मत कसं धरायचं! :)