५० एमबीपीएसचं फुटेज आणि ४ टीबीचा ड्राइव्ह

> "५० एमबीपीएस म्हणजे तासाला १८० जीबी. ४ टीबीचा ड्राइव्ह २२ तासांत भरणार की!"

नाही, तासाला साडेबावीस जीबीच लागतात. एमबीपीएसमधला 'बी' बिटचा आहे आणि आठ बिट मिळून एक बाइट होतो. म्हणून ५० भागिले ८, म्हणजे सेकंदाला ६.२५ एमबी, त्याला ३६०० ने गुणा.

मी कोल्हापुरात तालमीसाठी कुस्त्यांचं चित्रीकरण करतो. खासबागेत मैदान असलं की दोन कॅमेरे पाच-पाच तास चालतात, म्हणजे २२५ जीबी. वर्षाला अशी आठ मैदानं धरली तर १.८ टीबी. ४ टीबीत दोन वर्षं बसतात आणि थोडी जागा मोकळी राहते. दुसरी प्रत मात्र वेगळ्या ड्राइव्हवरच हवी, तिचा खर्च आधीच धरा. विंडोज त्या ड्राइव्हला ३.६३ टीबी दाखवेल, पण घाबरू नका. ते १०२४ च्या पटीत मोजतं, त्यामुळे तुमचं ३.६ टीबीचं फुटेजही तिथे ३.२७ च दिसेल.

खरी गफलत मोबाइलच्या फुटेजमध्ये होते. त्याचा बिटरेट दृश्यानुसार बदलतो. पैलवान भिडले, माती उडाली, मागे गर्दी हलली की वाढतो. त्यामुळे सेटिंगमधल्या आकड्यावर विसंबू नका. स्वतःच्या आठ-दहा जुन्या फाइली MediaInfo मध्ये उघडून Overall bit rate बघा आणि त्यातल्या मोठ्या आकड्यावर हिशोब करा.