'मुलींनी थांबा, मुलांनी मैदानावर जा': तुम्हाला पाळीबद्दल कोणी, कोणत्या शब्दांत सांगितलं?

कृष्णाकाठची
लेकीच्या शाळेतून काल मेसेज आला. पाचवी ते सातवीच्या मुलींसाठी 'विशेष मार्गदर्शन', शनिवारी, मातांनी सोबत यावे. मुलांना त्या वेळात खेळाचा तास. वाचलं आणि आमचा सातवीचा वर्ग जसाच्या तसा आठवला. भर एप्रिलात बाईंनी खिडक्या लावून घेतल्या होत्या. पडद्यावर एक आकृती, तिला बाण, आणि मग प्रत्येकीच्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं पुडकं. "काही शंका असतील तर घरी आईला विचारा." घरी आले तर आई म्हणते, "बाईंनी सांगितलं ना सगळं?" झालं!

खरं सांगितलं ते मिरजेच्या मामीनं, वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालता घालता. "खाली तीन वाटा असतात बघ. शूची, शीची आणि मधली. रक्त मधल्या वाटेनं येतं. कुठं कापलेलं नसतं, त्यामुळं जखमेसारखं झोंबत नाही. पण शूसारखं धरूनही ठेवता येत नाही, थेंब थेंब येत राहतं, म्हणून पॅड." एवढंच. पण त्या आकृतीत नसलेलं सगळं त्यात होतं. पुढे पहिला डाग दिसला तेव्हा मी रडले नाही, याचं श्रेय मामीला.

आता माझी लेक नऊ पूर्ण. कपाटात पॅड बघून "हे कुणाला लागलंय?" असं विचारून झालंय. तुम्ही काय, कधी, कसं सांगितलंत ते लिहा. तुम्हाला कसं कळलं तेही.

पाटलांची_सून
आमच्याकडे उलटंच. न्हाण आलं म्हणून मखर, हिरवी साडी, ओटी, गल्लीतल्या बायका गाणी म्हणायला. आख्ख्या गावाला कळलं, मलाच कळलं नाही काय झालंय ते 😄 मला वाटलं लग्न ठरलं. रडून गोंधळ घातला.

तात्या_विंचूरकर
धाग्यावर पुरुषांना परवानगी आहे का?

कृष्णाकाठची
आहे की तात्या, मैदानावरून आत या.

डॉक्टरीणबाई
ओपीडीच्या मधल्या वेळात लिहितेय, तुटक वाटेल. 'कधी सांगायचं' याचं उत्तर वयापेक्षा अंगावरून जास्त चांगलं मिळतं. बहुतेक मुलींमध्ये पहिली खूण छातीवर दिसते. बोंडाखाली लहान बटणाएवढी कडक गाठ, बऱ्याचदा आधी एकाच बाजूला, आणि हात लागला की दुखते. आया घाबरून धावत येतात. मागच्या आठवड्यातच एक आली, मुलगी साडेनऊची, आई रडवेली, मोबाईलवर नको नको ते वाचून आलेली. आईला बाहेर न पाठवता मुलीलाच सांगितलं, "ही तुझी छाती वाढायला लागल्याची खूण. दुसरी बाजू काही महिन्यांत येईल. दाबून बघायचं नाही, सैल सुती स्लिप घालायची." मुलीनं विचारलं, "म्हणजे मी आजारी नाही?" आठवडाभर ती हेच घेऊन झोपत होती.

ही खूण दिसल्यापासून पाळीला साधारण दोन ते अडीच वर्षं असतात. सांगायला एवढा वेळ हातात आहे, एकाच दुपारी सगळं ओतायची गरज नाही. दुसरी खूण म्हणजे चड्डीवर पांढरट, वाळला की पिवळसर दिसणारा डाग. तो सुरू झाला की बहुधा सहा महिने ते वर्षात पाळी येते. पाऊच दप्तरात ठेवायची वेळ तीच. पेशंट आला, उरलेलं नंतर.

मुग्धा_ठाणे
पांढऱ्या डागावरून मी आईचा ओरडा खाल्लाय, नीट धूत नाहीस म्हणून!! कितीतरी दिवस चड्ड्या लपवून स्वतः धुवायचे. आज कळतंय की ते नॉर्मल होतं. वयाच्या चाळिशीत.

पाटलांची_सून
मुग्धा सेम. मी तर गादीखाली लपवायचे.

झेडपीची_बाई
मी शिक्षिका, सहावी-सातवी. माझा अनुभव असा की बाण काढलेली आकृती मुलींच्या डोक्यावरून जाते. त्यांचे प्रश्न वेगळे असतात. चिठ्ठ्या टाकायला डबा ठेवते, नाव लिहायचं नाही. 'रक्त संपलं तर मरतो का', 'पॅड आत घालायचं का', 'बाबांना वास येतो का', असं येतं. एका मुलीनं पॅड उलटं लावलं होतं, चिकट बाजू अंगाला. दिवसभर तशीच बसली, काढताना रडली. तेव्हापासून मी वर्गात नवी कोरी चड्डी घेऊनच जाते. मागचा कागद सोलायचा, चिकट बाजू कापडाला, पंख खालून दुमडायचे. दोघींना पुढे बोलावून करून घेते.

आणि रक्त किती, हे डोळ्यांनी दाखवते. कोकमाचं आगळ पाण्यात कालवून मोठे तीन चमचे वाटीत घ्यायचे. सगळ्या दिवसांचं मिळून साधारण एवढंच. मग त्यातला एक चमचा पॅडवर ओतायचा. पसरून केवढं तरी दिसतं! "बाई, एवढं एका चमच्यात?" चेहरे लगेच सैल होतात.

मध्यंतरी अस्मिता योजनेतून पाच रुपयांत आठ पॅडचं पाकीट मिळायचं, २०१८ ला सुरू झाली होती. पण पाकीट हातात आलं तरी ते लावायचं कसं हे कोणी सांगत नव्हतं.

न्यूजर्सीकर_आई
इथे शाळेतच सांगतात, त्यामुळे माझं काम अर्धं झालं होतं. मी पुढचं असं सांगितलं: पाहुणे येतील म्हणून आपण अंथरूण घालतो ना, तसं पोटातली पिशवी दर महिन्याला मऊ अस्तर तयार करते. बाळ नाही आलं की ते अस्तर बाहेर टाकते. लेक म्हणाली, मग घडी करून ठेवत का नाही, दर महिन्याला नवीन कशाला, किती वेस्ट. 🤦 मी गप्प.

तात्या_विंचूरकर
पोरगी सी. ए. होणार.

डॉक्टरीणबाई
प्रश्न बरोबर आहे तिचा. बहुतेक प्राणी तसंच करतात, गरज नसलेलं अस्तर शरीर परत शोषून घेतं. माणूस, काही माकडं, काही वटवाघळं अशा मोजक्याच प्राण्यांना पाळी येते. वटवाघूळ सांगा तिला, खूश होईल.

रोहित_नाशिक
मी मुलीचा बाप. बायको नाही, सात वर्षं झाली. मुलगी अकरा. बहिणीला सांग म्हणालो तर ती म्हणे वेळ आल्यावर बघू. शेवटी मीच सांगितलं, गाडी चालवताना, म्हणजे एकमेकांकडे बघावं लागत नाही. तिनं एकच विचारलं, "रात्री तुला उठवलं तर चालेल?" म्हटलं चालेल.
एक सांगतो, पाळी आली की उंची थांबते. म्हणून आम्ही लांबवता येते का ते विचारायला जाणार आहोत. ती वर्गात सगळ्यात बुटकी आहे.

मुग्धा_ठाणे
रोहित, गाडीची आयडिया 🙏

डॉक्टरीणबाई
रोहित, अर्धं बरोबर. उंचीचा मोठा झपाटा पाळीच्या आधी होऊन जातो, नंतर वेग कमी होतो. पण थांबत नाही, पुढेही साधारण पाच ते सात सेंटीमीटर वाढतात मुली. अकराव्या वर्षी सगळं वेळेवर चाललेलं असेल तर लांबवायचं औषध देत नाहीत. तुमची आणि तिच्या आईची उंची किती, ते आधी बघा.

रोहित_नाशिक
दोघंही पाच फुटांच्या आसपास 😅 आलं लक्षात.

स्नेहल_७९
मला एक विचारायचंय, माझी पाळी आता दोन-दोन महिन्यांनी येते आणि रात्री घाम फुटतो, वय ४६. हे इथे विचारू का?

पाटलांची_सून
स्नेहलताई, तो वेगळा धागा काढा ना, मीही येते.

कोकणवाली
मेडिकलवाला पुडा आधी पेपरात, मग काळ्या पिशवीत घालतो. परवा माझी बारा वर्षांची लेक गिऱ्हाइकांच्या गर्दीत म्हणाली, "काका पिशवी नको, आम्ही आणलीय," आणि पुडा कांद्याबटाट्यांवर ठेवून निघाली. काकांचाच चेहरा लाल.
फक्त वापरलेलं टाकताना कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढायला शिकवलंय. पुण्यात कचरावेचक बायकांनीच ते सुरू करायला लावलं, हातानं उघडून बघायला लागू नये म्हणून. आणि डाग थंड पाण्यात. गरम पाण्यात घातला की पक्का झालाच समजा.

सुमनआत्या
सगळं ठीक आहे गं, सांगावं मुलींना. पण गौरीच्या वेळी तरी बाजूला बसायला काय हरकत आहे? आम्ही बसलो, आम्हाला काय झालं? तेवढीच विश्रांती मिळायची.

मुग्धा_ठाणे
आत्या, विश्रांती बाजूला न बसताही देता येते की. माझ्या लेकीला आरतीला येऊ नको म्हटलं असतं तर कारण काय सांगणार होते? आधी मीच तिला सांगितलं की ते घाणेरडं रक्त नाही.

सुमनआत्या
घाणेरडं मी म्हटलंच नाही. रीत आहे.

न्यूजर्सीकर_आई
आमच्याकडे सासूबाई आणि लेक यांच्यात तह झालाय. ती आरतीला उभी राहते, नैवेद्याला हात लावत नाही. मला पटत नाही, पण त्या दोघींनी परस्पर ठरवलंय.

पाटलांची_सून
आमच्यात गोळ्या देतात पुढे ढकलायला. जावेनं तेराव्या वर्षीच दिली पोरीला.

डॉक्टरीणबाई
मेडिकलमधून परस्पर आणून देऊ नका, एवढं ऐकाच. पहिली दोन वर्षं पाळी तशीही अनियमित असते. मुलींमध्ये २१ ते ४५ दिवसांचं अंतर चालतं, त्यात तारीख धरून गोळी देणं हाच एक विनोद आहे. काळजी करायची ती वेगळ्या गोष्टींची. तासा-दोन तासांत पॅड पूर्ण भिजतंय, सात दिवसांवर चाललंय, एकदा येऊन तीन महिने आलीच नाही, किंवा पंधरा पूर्ण झाली तरी सुरूच नाही, तर दाखवा. पांढऱ्या डागाला खाज किंवा वास असेल तरी दाखवा. छातीची खूण आठ पूर्ण व्हायच्या आत दिसली तरीही.

झेडपीची_बाई
मुलग्यांचं कोणी लिहिलं नाही. माझ्या वर्गात डाग पडला की पोरंच आधी हसतात. यंदा त्यांनाही बसवलं. पहिली दहा मिनिटं खिदळले, मग एकानं विचारलं, "बाई, आमच्या ताईच्या पोटात दुखतं तेव्हा काय करायचं?" गरम पाण्याची पिशवी सांगितली.

कृष्णाकाठची
झेडपीताई, कोकमाचा प्रयोग शनिवारनंतर घरी करणार. शाळेला विचारलं मुलांना का नाही, तर म्हणे त्यांचं व्यसनमुक्तीवर आहे सत्र. खेळाचा तासही गेला बिचाऱ्यांचा.

अनघा_सोलापूर
धागा पूर्ण वाचला नाही, पोळ्या करतेय. माझ्या मुलीला डाव्या बाजूला गाठ लागतेय, आठवं वर्ष आहे. नॉर्मल असतं ना? मावशी म्हणे गरम शेक दे.

कोकणवाली
वर वाच अनघा, डॉक्टरीणबाईंनी लिहिलंय. नॉर्मल आहे.

डॉक्टरीणबाई
थांबा थांबा. आठ पूर्ण झालीत की आठवं चालू आहे?

अनघा_सोलापूर
चालू. दिवाळीत आठ होईल.

डॉक्टरीणबाई
मग दाखवा. शेक देऊ नका, घाबरू नका, पण या महिन्यात दाखवा. मागच्या दोन वर्षांची उंची शाळेच्या कार्डावर असेल, ते कार्ड न्या. हाताच्या हाडाचा एक्स-रे सांगतील बहुतेक, दुखत नाही, तिला आधीच सांगा. कशासाठी चाललोय तेही सांगा.

अनघा_सोलापूर
बरं. कार्ड शोधते.